आमची वाटचाल : पत्रातली ओळ हातावर येते तेव्हा

ठाण्यात नौपाड्यातील एका गाळ्यात 2015 साली आम्ही टॅटू स्टुडिओ सुरू केला. सुईचे काम माझे धाकटे दीर करतात आणि रेखाटन, मांडणी व ग्राहकाला आधी दाखवायचे चित्र ही जबाबदारी माझ्याकडे आहे. त्यापूर्वी मी सात वर्षे फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांची डिझाइन्स करत होते. त्या कामात पडद्यावर जे दिसते तेच सपाट कागदावर उतरते, आणि हीच सवय घेऊन मी हाताच्या फोटोवर टॅटू ठेवून दाखवू लागले. ही सवय मोडायला मला जवळजवळ तीन वर्षे लागली, आणि ती मोडली एका पत्रातल्या ओळीमुळे.

कळव्याहून एक गृहस्थ आले होते. त्यांच्याकडे आईचे जुने आंतर्देशीय पत्र होते, आणि त्यातली ‘सांभाळून राहा, जेवत जा’ ही ओळ त्यांना आईच्याच अक्षरात, पत्रातल्याच निळ्या शाईत आणि पत्रातल्याच आकारात हातावर हवी होती. जागा कोपराच्या थोडे खाली, आतल्या बाजूला, आणि ओळ बांगडीसारखी आडवी. पत्रावर ती ओळ 12 सेंटिमीटर लांब होती. मी हाताचा फोटो घेतला, ओळ त्यावर ठेवली, मावेना म्हणून फोटोपुरती लहान केली, कडा किंचित वाकवल्या आणि दाखवली. चित्र सुंदर दिसले आणि त्यांनी लगेच होकार दिला. स्टेन्सिल मात्र ठरल्याप्रमाणे मूळ आकारातच काढली. ती हातावर उमटवल्यावर ते आरशासमोर उभे राहिले आणि काहीच बोलेनात. ‘सां’ एका बाजूने आणि ‘जा’ दुसऱ्या बाजूने हाताच्या वळणाआड गेले होते. भाऊजी म्हणाले, “वहिनी, आज सुई नको.” स्टेन्सिल पुसली गेली, म्हणून नुकसान झाले नाही, पण मी दाखवलेले चित्र खोटे होते, हे मला फार लागले.

त्या रात्री मी शिवणकामाची टेप आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले. त्यांच्या हाताचा त्या जागेचा घेर 26 सेंटिमीटर होता, म्हणजे हात गोल धरला तर त्रिज्या साधारण 4.14 आणि समोरून दिसणारी रुंदी 8.3 सेंटिमीटर. त्यावर 12 सेंटिमीटरची ओळ गुंडाळली की ती डोळ्यांना 8.2 सेंटिमीटर दिसते. पण ती सगळीकडे सारखी आक्रसत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. मधला एक सेंटिमीटर जवळपास एक सेंटिमीटरच दिसतो, तर टोकाचा एक सेंटिमीटर जेमतेम अडीच मिलिमीटर दिसतो. मी मात्र सगळी ओळ एकाच प्रमाणात लहान केली होती. तेव्हापासून आमच्या संगणकावर एक्सेलच्या एका फाइलमध्ये हे सूत्र आहे; त्यात A1 मध्ये डिझाइनची खरी रुंदी आणि B1 मध्ये त्रिज्या भरायची.

```
=2*B1*SIN(A1/(2*B1))
```

हात अगदी गोल नसतो आणि मनगटाकडे तर तो बराच चपटा होतो, त्यामुळे हे उत्तर अंदाजाचे असते. पण कोणते अक्षर वळणाआड जाणार, एवढे त्यावरून नक्की कळते. आम्ही ओळ दोन भागांत मांडून पाहिली. ‘सांभाळून राहा’ ही 7 सेंटिमीटरची वरची ओळ 6.2 सेंटिमीटर दिसते आणि तिचा टोकाचा सेंटिमीटरही साडेसात मिलिमीटर दिसतो, म्हणजे आईचे अक्षर मूळ आकारात राहून पूर्ण वाचता येते.

राहिला प्रश्न शिरोरेखेचा. देवनागरी अक्षर हातावर आडवे घेतले की शिरोरेखा लगेच चुगली करते, कारण फोटो किंचित वरून किंवा खालून घेतलेला असेल तर हाताभोवतीची रेघ सरळ न दिसता कमानीसारखी दिसते. ती कमान मी डोळ्यांच्या अंदाजाने काढत असे आणि ती हमखास चुकत असे. आता आम्ही भाजीच्या जुडीला असतात तसले दोन रबर हातात घालतो, दोन सेंटिमीटर अंतरावर, त्वचा दबणार नाही इतके सैल. हात टेबलावर टेकवून, मोबाइल स्टँडवर लावून एक फोटो रबरांसह आणि लगेच दुसरा रबर काढून घेतो. मग फोटोशॉपमध्ये Warp ची जाळी त्या रबरांच्या कमानीवर बसवते आणि उभे पट्टे सूत्राने आलेल्या रुंदीइतके कडेकडे अरुंद करत नेते. मोबाइल दीड मीटर लांब ठेवून दुप्पट झूम करणे आवश्यक आहे. वीतभर अंतरावरून घेतलेल्या फोटोत हाताचा मधला भाग फुगतो आणि सगळा हिशेब वाया जातो.

बरेच जण वक्रतेसाठी Displace वापरतात, पण माझ्या मते ते त्याचे काम नाही. तो फिल्टर फोटोतल्या उजेड-अंधारावरून ठिपके सरकवतो. 5 टक्के प्रमाण ठेवले तर जास्तीत जास्त सहा पिक्सेल. शिरांचा आणि स्नायूंचा हलका उठाव त्याने छान येतो, हाताची गोलाई येत नाही. शिवाय त्याला द्यायची करडी प्रत आधी धूसर केली नाही, तर रोमछिद्रांमुळे रेघ थरथरल्यासारखी दिसते.

निळ्या शाईची गोष्ट याहून अवघड निघाली. शाई वरच्या त्वचेखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसते, म्हणजे आपण ती त्वचेच्या रंगातून पाहतो. म्हणून डिझाइनचा थर Multiply मध्ये ठेवायचा. त्यात दोन्ही रंगांचे आकडे गुणून 255 ने भागले जातात. लाल, हिरवा, निळा या क्रमाने त्यांच्या गव्हाळ त्वचेचे आकडे फोटोत 150, 105, 80 असे होते आणि पत्रातल्या निळ्याचे 40, 70, 160. गुणाकार केला की येतात 24, 29, 50, म्हणजे जवळजवळ काळा वाटणारा गडद निळा. पहिल्या चित्रात मी तोच निळा तसाच वर ठेवला होता, म्हणून तो चिकटवलेल्या स्टिकरसारखा चमकत होता. यासाठी फोटोही खरा लागतो : खिडकीजवळचा उजेड, शेजारी पांढरा कागद, आणि मोबाइलमधले त्वचा उजळ करणारे फिल्टर बंद. त्वचेवर जिथे उजेडाची चकाकी आहे तिथे शाई थोडी फिकी दिसायला हवी, म्हणून Blend If ची पट्टी मी उजळ बाजूने हळूहळू आत घेते.

दुसऱ्या वेळी मी त्यांना दोन चित्रे दाखवली, एक तळहात वर असलेले आणि एक हात सहज खाली सोडलेले. हात सोडला की आतली बाजू अंगाकडे वळते आणि ओळ समोरच्याला दिसतच नाही. मी ते स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, “ताई, चालेल. ती मलाच वाचायची आहे.” निळ्याचा हट्ट मात्र त्यांनी सोडला नाही, फक्त तो किती गडद दिसणार हे पाहून, समजून मग होकार दिला.

टॅटू झाल्यावर दहा आठवड्यांनी ते पुन्हा आले, तेव्हा त्याच खिडकीशी, त्याच अंतरावरून फोटो घेऊन मी तो आमच्या चित्राशेजारी ठेवला. दोन्ही ओळी जागच्या जागी होत्या आणि शिरोरेखेची कमानही जुळत होती. रंगात मात्र फरक होता : भरून आलेली रेघ चित्रापेक्षा थोडी फिकी, करडेपणाकडे झुकलेली आणि कडांना मऊ होती. त्या दिवसापासून मी डिझाइनच्या थराची अपारदर्शकता 100 वरून 85 टक्क्यांवर आणली आहे, कडांना अर्ध्या पिक्सेलचा धूसरपणा देते, आणि प्रत्येक ग्राहकाला अडीच महिन्यांनी त्याच खिडकीशी एक फोटो काढून जाण्याची विनंती करते.