क्लिनिकचा सर्व्हिस ब्लूप्रिंट: फेल पॉइंट नेमका कुठे मांडायचा

सर्व्हिसेस मार्केटिंगच्या असाइनमेंटमध्ये सर्व्हिस ब्लूप्रिंट, म्हणजे सेवा पायरीपायरीने कशी पार पडते याचा नकाशा, काढायला मी क्लिनिक घेतलं, पण त्यातलं एकच काम: उपाशीपोटी साखर आणि सीबीसीसाठी रक्त काढून बाहेरच्या लॅबला पाठवणं. अख्खं क्लिनिक घेतलं असतं तर प्रत्येक चौकटीत मोघम वाक्य आलं असतं.

कागद आडवा धरून पाच पट्टे आखले. वरून खाली: पेशंटच्या हाती पडणाऱ्या वस्तू (चिठ्ठी, पावती, रिपोर्ट), पेशंट स्वतः करतो ते, त्याच्यासमोर होणारं काम म्हणजे फ्रंटस्टेज, मग बॅकस्टेज, आणि तळाशी लॅब व पिकअपवाला. फ्रंटस्टेज आणि बॅकस्टेजच्या मधली रेषा म्हणजे लाइन ऑफ व्हिजिबिलिटी. पहिल्या मसुद्यात मी तिच्या दोन्ही बाजूंना माणसं वाटली आणि सगळं चुकलं. वाटायची असतात कामं. तीच सिस्टर रक्त काढताना रेषेच्या वर असते, पेशंट गेल्यावर ट्यूब डब्यात भरताना खाली.

सगळ्यात जास्त वेळ फेल पॉइंटना, म्हणजे सेवा जिथे चुकू शकते त्या जागांना, द्यावा लागला. सीबीसीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. रक्त गोठू नये म्हणून तिच्यात ईडीटीए असतं. ते मिसळावं यासाठी ट्यूब लगेच ८ ते १० वेळा हलक्या हाताने उलटसुलट करावी लागते. रांग वाढली की ट्यूब तशीच स्टँडला लागते आणि पुढचं नाव पुकारलं जातं. आत बारीक गुठळी धरते, बाहेरून काही कळत नाही. दुपारी लॅब सॅम्पल नाकारते, आणि संध्याकाळी रिपोर्ट न्यायला आलेल्या पेशंटला कळतं की रक्त पुन्हा द्यायचंय.

मी आधी फेल पॉइंटची ‘एफ’ ही खूण रिपोर्टच्या काउंटरवर केली होती, कारण वाद तिथे होतो. मग बाण धरून मागे मागे गेले: काउंटर, लॅब, पिकअप, स्टँड, ट्यूब. खूण ट्यूबवर आली. म्हणजे चूक पेशंटच्या डोळ्यांदेखत, फ्रंटस्टेजवरच होते आणि त्याला दिसत नाही. खुणेशेजारी मी चूक कुठे होते, कुठे कळते आणि मध्ये किती तास जातात, हे लिहिलं. ते तास बघितल्यावर नकाशात नसलेला बाण सुचला: सॅम्पल नाकारताच लॅबकडून क्लिनिकला आणि तिथून पेशंटला फोन. साखरेची ट्यूब वेगळी असते आणि सीबीसीला उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे तो त्याच दिवशी येऊ शकतो.

दुसरी खूण लेबलवर, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. नावं मागाहून लिहिली की दोन ट्यूबची अदलाबदल होऊ शकते. गुठळी लॅबमध्ये सापडते. अदलाबदल बहुतेकदा तिथेही सापडत नाही, कारण दोन्ही रिपोर्ट व्यवस्थित छापून येतात. म्हणून रक्त काढण्याच्या चौकटीतच मी आणखी एक पायरी घातली: पेशंट खुर्चीतून उठण्याआधी त्याच्याच तोंडून पूर्ण नाव आणि वय वदवून घ्यायचं, आणि त्याच्यासमोर लेबल लावायचं.