दूध, दही, व्हे सोडल्यावर प्रोटीनचा हिशोब कसा जमवला

संध्याकाळी अंबडहून ड्युटी संपवून जिमला जायचं, त्याआधी मोठा ग्लास दुधात एक स्कूप व्हे, म्हणजे दुधापासूनच बनवलेली प्रोटीन पावडर. स्क्वॅटला बार खांद्यावर घेईपर्यंत पोटात गुडगुड सुरू. पोट फुगलं की श्वास भरून ते घट्ट धरता येत नाही, बेल्ट टोचतो आणि जड सेट अर्ध्यावर सोडावा लागतो. घरी गेल्यावर जुलाब.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो वेळेचा: "प्यायल्यानंतर किती वेळाने त्रास होतो?" अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांपर्यंत, असं मी सांगितलं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फोडणारं लॅक्टेज लहान आतड्यात कमी पडलं की ती साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जीवाणू तिच्यापासून गॅस करतात आणि साखर पाणी ओढून घेते म्हणून जुलाब होतात. खात्रीसाठी श्वासातला हायड्रोजन मोजायची तपासणी असते. पण आधी दोन आठवडे दुधाचं सगळं बंद करून बघा, मग एकेक पदार्थ परत आणा, असं ते म्हणाले. वजन घटणं, शौचात रक्त, ताप किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर मात्र लॅक्टोजवर ढकलून थांबायचं नाही, हेही त्यांनी बजावलं.

सगळं बंद केल्यावर पोट शांत झालं. मग एक पदार्थ, तोही एकटाच, आणि मधे दोन-तीन दिवस रिकामे. रिकाम्या पोटी २५० मिली दूध प्यायलो, तर तासाभरात तोच त्रास. एवढ्या दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. चहातल्या दुधाने काहीच झालं नाही. जेवणासोबत लहान वाटी दही चाललं, मोठा वाडगा नाही. दह्यातले जीवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात, सगळं नाही. कॉन्सन्ट्रेट व्हे पाण्यात घेतलं तर त्रास कमी, पण होताच. आयसोलेट हा व्हेचाच जास्त गाळलेला प्रकार, त्यात लॅक्टोज अगदी नावापुरतं उरतं आणि बऱ्याच जणांना ते पचतं. मला त्याची किंमत दर महिन्याला झेपणारी नव्हती. ज्यांना दुधातल्या प्रोटीनचीच ॲलर्जी आहे, अंगावर पित्त उठतं किंवा ओठ सुजतात, त्यांनी आयसोलेटच्याही वाटेला जाऊ नये; तो आजार वेगळा.

मग हिशोब. माझं वजन ७२ किलो, किलोमागे १.६ ग्रॅम धरले तर दिवसाला साधारण ११५ ग्रॅम प्रोटीन. त्यातलं अर्धा लिटर दुधाचं १६, दह्याचं ७ आणि एका स्कूपचं २४, असं ४७ ग्रॅम एकदम गळालं. आमच्या घरी मटण-चिकन शिजत नाही, अंडी चालतात. म्हणून तीन अंडी जास्तीची (१८), सोया चंक्स कोरडे ४० ग्रॅम (२०) आणि फुटाणे ५० ग्रॅम (१०). झाले ४८.

कागदावर जमलं, पण सोया सुरू करताच पुन्हा गॅस. आई म्हणाली, "दूध सोडलंस तरी तेच, मग दुधाचा काय दोष?" फरक वेळेत होता. हा गॅस जेवणानंतर बऱ्याच तासांनी, रात्री यायचा, आणि जुलाब अजिबात नाहीत. सोया आणि कडधान्यांत ज्या साखरा असतात त्या कुणाच्याच लहान आतड्यात फुटत नाहीत. त्या पाण्यात विरघळतात, म्हणून चंक्स उकळून, पिळून, ते पाणी फेकायचं आणि साध्या पाण्यात परत पिळायचे. सुरुवात २० ग्रॅमपासून केली, हळूहळू ४० वर आलो. मटकी आधी भिजवून, मोड आणून, भिजवलेलं पाणी टाकूनच शिजवतो. वर्कआउटच्या आधी मात्र सोया नाही, मिसळही नाही. तेव्हा भात आणि अंडी. सोया दुपारच्या डब्यात जातो.

प्रोटीन भरलं तरी कॅल्शियमचा खड्डा उरतो. अर्धा लिटर दुधातून जवळपास ६०० मिलिग्रॅम मिळायचं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, पण त्यातलं शोषलं दुधापेक्षा कमी जातं. म्हणून नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि जेवणासोबत ती लहान वाटी दही, तिन्ही ठेवलंय. जे अंडीही खात नाहीत त्यांच्यासाठी दूध हाच बी१२चा मुख्य आधार असतो. त्यांनी दूध पूर्ण तोडण्याआधी रक्तात बी१२ तपासून घ्यावं आणि गोळीचं डॉक्टरांशी बोलावं.