पुळणीवरून कड्याची उंची : आकृती कशी बसवली

आमच्या गावची पुळण जिथे संपते तिथे सडा कडा होऊन समुद्रात उतरतो. पायथ्याशी खडक आणि लाटा, त्यामुळे टेप लावणं अशक्य. म्हणून या खेपेला दोन उन्नत कोनांचं उदाहरण प्रत्यक्ष करून पाहिलं.

साधन नेहमीचंच: कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटवलेली नळी आणि मध्यबिंदूतून सोडलेला ओळंबा. नळीतून माथा दिसताना दोरा 60° वर आला की उन्नत कोन 30°. मी आधी कोन ठरवले आणि मग जागा शोधल्या. पाण्याच्या कडेकडेने कड्याच्या दिशेने चालत 30° ची जागा गाठली, खूण केली. त्याच रेषेत पुढे 45° ची. दोन खुणांमधलं अंतर 40 मीटर भरलं. पाण्याची कड धरली, कारण पुळणीला उतार असतो आणि पाण्याची रेघ सपाट. मात्र दोन्ही मोजमापं झटपट उरकायची, भरती लागली की ती रेघच सरकते.

आता आकृती. माथा क. त्याच्या बरोबर खाली, माझ्या डोळ्यांच्या पातळीत, बिंदू ख. हा ख खडकाच्या पोटात आहे, दिसणाऱ्या पायथ्याशी नाही. काटकोन तिथेच. डोळ्यांची लांबची जागा ग, जवळची घ. ग, घ आणि ख एकाच आडव्या रेषेवर. ही रेषा वाळूवर काढली तर कोनाचा शिरोबिंदू पायाशी जातो आणि सगळं बिघडतं.

घ पाशी 45° म्हणून घख = कख = h. ग पाशी 30° म्हणून गख = h√3. दोन्ही लांब्या ख पासूनच मोजल्यामुळे खडकातलं न मोजता येणारं अंतर आपोआप निघून जातं:

h√3 − h = 40, म्हणून h = 40 ÷ 0.732 ≈ 54.6 मी.

डोळ्यांची उंची 1.5 मी मिळवली की त्या वेळच्या पाण्यापासून साधारण 56 मी. पडताळा आलेखाच्या कागदावर घेतला. 1 सेंमी = 10 मी धरून दोन्ही दृष्टिरेषा काढल्या; त्या जवळजवळ साडेपाच सेंमी उंचीवर मिळाल्या. चुकून 45° लांबच्या बिंदूवर मांडला असता तर रेषा वरच्या बाजूला मिळाल्याच नसत्या. अदलाबदल झाली की ती अशी लगेच कळते.

अचूकतेचं मात्र वेगळं आहे. 30° ऐवजी 29° वाचला तर h जवळपास 50 मी येते, म्हणजे एका अंशाला पाच मीटर. मागे सरकून पाया लांबवला तर फारसं साधत नाही. 100 मीटरचा पाया धरला तरी लांबच्या कोनातल्या अंशाला चार मीटरहून जास्तच चूक राहते. जवळची खूण 60° पर्यंत पुढे नेली तर हीच चूक तीन मीटरवर येते. अमावास्येच्या ओहोटीला खडकांपाशी ओली वाळू उघडी पडते, तेव्हा 60° ची जागा घेणार आहे. तिथून पुढे आलेला खडक माथा झाकत नाही ना, तेवढं आधी पाहावं लागेल.