माझ्या उत्तरातला ‘पण’

“मॅडम, स्वप्नं पडली की शिकलेलं पक्कं होतं आणि दुःख हलकं होतं, हे आता संशोधनानं सिद्धच झालंय ना? मग तुम्ही दर वेळी ‘पण’ का लावता?”

वर्गातली मुले विचारतात तेव्हा मी फळ्यावर आकृती काढून वेळ निभावून नेते. लग्नकार्यात कोणी विचारले तर हसून विषय बदलते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, तेव्हा मात्र मला धड हसताही येत नाही आणि धड उत्तरही देता येत नाही, कारण त्यांना ‘हो’ हवे असते आणि माझ्याकडे ते अर्धेच असते. मानसशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईने इतके काठावर बसून बोलावे, याचा काहींना राग येतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

झोपेमुळे शिकलेले टिकते, या विधानाला मी कधीही ‘पण’ लावलेला नाही. विल्सन आणि मॅकनॉटन यांनी 1994 मध्ये उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात पाहिले, की जागेपणी धावताना ज्या पेशी एकत्र पेटल्या होत्या, त्याच पुढच्या गाढ झोपेत पुन्हा एकत्र पेटण्याकडे झुकत होत्या. या उजळणीबद्दलचे पुरावे त्यानंतर वाढतच गेले आहेत. माझा ‘पण’ झोपेला नाही, तो स्वप्नाला आहे. झोपेत मेंदूत जे घडते ते वेगळे आणि त्यातले जे आपल्याला दिसते, सकाळी आठवते व आपण चहाबरोबर सांगतो, ते वेगळे. पहिल्याचे श्रेय दुसऱ्याला परस्पर देऊन टाकले जाते, एवढीच माझी तक्रार आहे.

ज्या प्रयोगाच्या आधारे हे श्रेय सर्वांत जास्त दिले जाते, तो एरिन वॉम्सली, रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 99 जणांना संगणकावरील एका चक्रव्यूहातून वाट काढायला शिकवले. नंतर सुमारे निम्म्यांना दुपारी दीड तास झोपू दिले, बाकीच्यांना जागे ठेवले, आणि शिकण्यानंतर पाच तासांनी सर्वांची पुन्हा परीक्षा घेतली. मनात काय चालले आहे हे मधूनमधून विचारले जात होते. झोपलेल्यांपैकी ज्यांना चक्रव्यूहाशी संबंधित काही दिसले किंवा ऐकू आले, त्यांची प्रगती इतर झोपलेल्यांच्या सुमारे दसपट होती. जागेपणी चक्रव्यूहाचा विचार करत बसलेल्यांना मात्र त्या विचाराचा असा फायदा झाला नाही. एवढे वाचून कोणालाही वाटेल की प्रश्न मिटला.

आता त्याच निबंधातल्या तीन गोष्टी पाहा. असे स्वप्न पडलेले लोक अवघे चार होते. त्यांची स्वप्नेही वाट पाठ करण्याची नव्हती: एकाच्या कानात चक्रव्यूहातले संगीत वाजत होते, एकाला पूर्वी पाहिलेल्या वटवाघळांच्या गुहा आठवल्या. वाट सापडण्यात गुहेची मदत कशी होणार? तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे चौघे झोपण्यापूर्वीच्या परीक्षेत इतरांपेक्षा कच्चे होते. म्हणजे ज्यांना काम अवघड गेले त्यांच्या मेंदूने ते अधिक नेटाने हाताळले, त्यामुळे प्रगतीही जास्त झाली आणि स्वप्नही पडले, असा अर्थ तितक्याच सहजपणे लावता येतो. शिवाय जो खाली असतो त्याला वर यायला जागाही जास्त असते. कुकरची शिट्टी होते म्हणजे आत डाळ शिजते आहे हे कळते, पण डाळ शिट्टीने शिजत नाही. संशोधकांनीही स्वतः स्वप्नांना या प्रक्रियेचे प्रतिबिंबच म्हटले आहे. कारण म्हटलेले नाही. 2019 मध्ये वॉम्सली आणि स्टिकगोल्ड यांनी हाच संबंध रात्रभराच्या झोपेत पुन्हा दाखवला. त्यामुळे तो योगायोग नसावा, असे मी मानते. मात्र कार्यकारणाचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. तेव्हा मुलाला स्वप्नात राज्यघटनेची कलमे दिसत नाहीत म्हणून पालकांनी काळजी करू नये. त्याला पुरेसे झोपू देतो का, एवढे पाहावे.

दुःखाबद्दलचे माझे मत असे थंड डोक्याने बनलेले नाही, हे मी लपवत नाही.

2009 मध्ये मॅथ्यू वॉकर आणि एल्स फान देर हेल्म यांनी मांडलेली कल्पना मी वर्गात मोठ्या आवडीने शिकवत असे. रेम झोपेत, म्हणजे डोळे झपाझप हलतात आणि स्वप्ने ठळक पडतात त्या टप्प्यात, मेंदूतील नॉरॲड्रिनलीनचे प्रमाण अगदी खाली येते. तणावाशी जोडलेले हे रसायन नसताना दुःखद आठवण पुन्हा उघडली जाते, त्यामुळे आठवण राहते आणि तिच्यातली धग उतरते, असा तो सिद्धान्त. मुलींना तो फार आवडायचा. मलाही आवडायचा.

मग ताई गेली. साताऱ्याहून परतताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलाकडे जो लांब उतार लागतो, तिथे मागून आलेला एक अवजड ट्रक थांबलाच नाही. मी चालकाशेजारी बसले होते, ताई मागे. तिने मला काच खाली घ्यायला सांगितली होती आणि माझा हात बटणाकडे गेला होता. इथपर्यंत मला आठवते आणि स्वप्नातही इथपर्यंतच दिसायचे. बोगद्यातला पिवळा उजेड, मग एकदम ऊन, मग तिचा आवाज, माझा हात, आणि मी घामाने भिजून उठून बसलेली. त्यात एकाही नव्या गोष्टीची भर पडत नसे. ताई कधी लहान होऊन आली नाही, आमचे जुने घर आले नाही, आई आली नाही. तोच उतार, त्याच क्रमाने.

आत्या म्हणाल्या, “येऊ दे गं तिला स्वप्नात, मन मोकळं होतंय तुझं.” ज्या समुपदेशकाकडे मी गेले, त्यानेही तेच सांगितले, फक्त माझ्याच विषयाच्या भाषेत: मेंदू आघातावर काम करतो आहे, त्यात अडथळा आणू नका. मी अडथळा आणला नाही. मी झोपेची भीती बाळगू लागले, रात्री मुद्दाम पेपर तपासत बसू लागले, आणि दिवसा बटण असलेली कोणतीही गाडी टाळू लागले. काम चालू असेल तर त्याचा काही परिणाम दिसायला नको का, असे मी त्या समुपदेशकाला विचारले, तेव्हा त्याने धीर धरायला सांगितले. धीर धरण्यात दुसरे वर्ष उजाडले.

त्या काळात मी वाचायला लागले, आणि मला स्वस्थ बसू देईनात अशा दोन गोष्टी सापडल्या. फॉस, हॉब्सन आणि स्टिकगोल्ड यांनी 2003 मध्ये 29 जणांनी सांगितलेली 299 स्वप्ने त्यांच्या जागेपणीच्या घटनांशी ताडून पाहिली होती. निम्म्याहून अधिक स्वप्नांत दिवसाचे काही ना काही धागे होते, परंतु घटना जशीच्या तशी परत आल्याचे प्रमाण केवळ एक ते दोन टक्के होते. म्हणजे नेहमीचे स्वप्न मोडतोड करते, नव्यात जुने मिसळते. माझे स्वप्न तसे करतच नव्हते. ते नेहमीच्या कामाचा नमुना नसून ते काम अडल्याचे लक्षण असावे, असे मला वाटू लागले. दुसरी गोष्ट मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील रिबेका स्पेन्सर यांच्या गटाची, 2012 मधली. त्रासदायक चित्रे पाहून जागे राहिलेल्यांची प्रतिक्रिया काही तासांत बोथट झाली, तर झोपून उठलेल्यांची होती तशीच टिकली. वॉकर यांच्या सिद्धान्ताच्या हे थेट उलट आहे. दोन्ही बाजूंचे प्रयोग आजही निघत आहेत.

शेवटी एका मनोविकारतज्ज्ञ बाईंनी मला प्रतिमा-सरावाची पद्धत शिकवली. तिची सर्वांत गाजलेली चाचणी बॅरी क्राकॉव यांनी 2001 मध्ये लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांवर घेतली होती. पद्धत ऐकून हसू येईल इतकी साधी आहे. दिवसा, पूर्ण जागेपणी, स्वप्न हवे तसे बदलायचे, बदललेले रूप लिहून काढायचे आणि रोज थोडा वेळ डोळ्यांपुढे आणायचे. जुने रूप उगाळायचे नाही. ताई वाचते असे लिहायला माझा हात धजेना. बाई म्हणाल्या, तसे लिहिण्याची गरज नाही, कुठेही वळवा. मग मी गाडी बोगद्याच्या आधीच खेड शिवापूरला थांबवली आणि आम्ही दोघी चहा घेत उभ्या राहिलो, एवढेच लिहिले. लिहिलेले स्वप्न मला कधीच पडले नाही. परंतु उतार विरळ होत गेला. एकदा बोगदा संपलाच नाही, एकदा मागच्या सीटवर माझी एक विद्यार्थिनी बसली होती. मोडतोड सुरू झाली होती.

इथे माझ्यातली जुनी शिक्षिका आडवी येते. ती म्हणते, ‘मग स्वप्न बदलल्यावरच तू सावरलीस ना? म्हणजे स्वप्नानेच काम केले.’ तिच्या बाजूला चांगला पुरावाही आहे. जिनिव्हातील संशोधकांनी 2022 मध्ये दुःस्वप्नांचे 36 रुग्ण घेऊन सर्वांना हाच सराव शिकवला. निम्म्यांना सरावाच्या वेळी पियानोचा एक स्वर ऐकवला आणि मग सर्वांनाच रेम झोपेत तो ऐकवला. ज्यांच्या मनात तो स्वर नव्या दृश्याशी जोडलेला होता, त्यांची दुःस्वप्ने अधिक घटली. मी तिला म्हणते, स्वराने स्मृतीच हलवली असेल आणि स्वप्न तिच्यामागून बदलले असेल. ती म्हणते, सरावाने दिवसाची भीती कमी झाली आणि म्हणून रात्र बदलली, असेही तू म्हणशील. हो, म्हणते. आणि धीर धरला असता तर ते स्वप्न आपोआप विरले असते का, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

आमचा वाद मिटवायचा तर झोप जशीच्या तशी ठेवून फक्त स्वप्न काढून घ्यावे लागेल. माणसाला जागे केले की झोपच मोडते. औषधाने रेम झोप दाबता येते, आणि ब्यॉर्न राश यांच्या गटाने 2009 मध्ये तसे केले तेव्हा बोटांच्या हालचालींचे शिकलेले कौशल्य बिघडले नाही. पण स्वप्ने रेमबाहेरही पडतात, त्यामुळे तेही पुरेसे नाही. असे नेमके घडल्याचे एक उदाहरण 2004 मध्ये नोंदवले गेले: मेंदूच्या मागच्या भागात पक्षाघात झालेल्या 73 वर्षांच्या एका स्त्रीची स्वप्ने पार थांबली, आणि रेम झोप मात्र नेहमीसारखी चालू राहिली. अशी माणसे पुरेशा संख्येने मिळून त्यांची स्मृती आणि त्यांचे दुःख दोन्ही मोजले जाईपर्यंत तुम्हाला माझ्याकडून ‘पण’ ऐकावा लागेल. आत्यांना हे सगळे सांगून झाले आहे. त्यांचे मत बदललेले नाही.