टायरवरचा ६५ आणि वाया गेलेला शनिवार

साताऱ्याजवळ खड्ड्याच्या धारेला लागून माझ्या गाडीचा पुढचा डावा टायर बाजूनं फाटला. बाजूला कट गेला की पंक्चर काढून भागत नाही, टायर नवाच घ्यावा लागतो. स्टेपनी लावून दुकान गाठलं.

फाटलेल्या टायरवर 185/65 R15 88H असं कोरलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "साहेब, या मापाचा संपलाय. 195/65 R15 टाका. ६५ तेच, १५ तेच, नुसता थोडा रुंद." ऐकायला पटलं आणि तिथंच माझा दीड तास गेला, कारण 'तेच' म्हणजे नक्की काय, हे दोघांपैकी कुणालाच नीट सांगता येईना.

शेवटी मोबाइलवर आकडेमोड केली. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. १५ हा रिमचा व्यास, इंचात. R म्हणजे रेडियल, ती आतल्या धाग्यांची रचना. घोळ होतो तो ६५मुळे. ते मिलिमीटर नाहीत, टक्के आहेत. रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १८५चे ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिमी. १९५चे ६५ टक्के जवळजवळ १२७. आकडा तोच, पण रुंदी वाढली म्हणून उंचीही वाढली!

वर-खाली दोन्ही बाजू धरल्या आणि १५ इंचांचे ३८१ मिमी मिळवले, तर माझं चाक ६२१.५ मिमी व्यासाचं आणि तो देत होता ते ६३४.५. एका फेरीत चार सेंटिमीटरचा फरक. पुढं एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला जुनं असतं, तर सरळ रस्त्यावरही दोन्ही चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरली असती आणि वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलला क्षणाची उसंत मिळाली नसती. मी नाही म्हटलं. त्याला राग आला, पण मला अजूनही वाटतं की ते बरोबरच होतं.

उलटं उदाहरण शेजाऱ्यांच्या गाडीचं. त्यांचा टायर 165/80 R14, वाचायला अगदी वेगळा. पण हिशेब केला तर चाक ६१९.६ मिमी, म्हणजे माझ्याएवढंच. रिम लहान, टायरची भिंत उंच.

एक राहिलंच, दुकानात जायच्या आधी ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं स्टिकर बघा. तुमच्या गाडीचं माप आणि हवेचा दाब बहुतेक तिथंच असतो.

शेवटचं 88H हे वजन आणि वेगाचं. ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो, H म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत. दोन्ही मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका.

सोमवारी दुसऱ्या दुकानात टायर आला. बसवायच्या आधी मी वाकून सगळं अक्षरन् अक्षर वाचलं, 185/65 R15 88H, आणि मगच म्हटलं, "घाला."