वेणीफणी, घरोघरी आणि गोडधोड : अभ्यस्त शब्दांच्या प्रश्नांनी मला काय शिकवले

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मी पुण्यात आले, तेव्हा मराठी व्याकरण हा माझा हक्काच्या गुणांचा विषय आहे असे मी धरून चालले होते. समास, प्रयोग, अलंकार यांत मी क्वचितच चुकत असे. मात्र नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसून सोडवलेल्या एका सराव प्रश्नपत्रिकेत अभ्यस्त शब्दांवर, म्हणजे ज्यांत एखादा शब्द किंवा ध्वनी पुन्हा येतो अशा शब्दांवर, पाच प्रश्न होते आणि त्यांतले तीन माझे चुकले. चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण वजा होत असल्यामुळे, जे आपल्याला येते असे वाटले होते, त्यानेच मला मागे खेचले होते.

ज्या शिकवणीला मी जात होते तिथे या घटकासाठी एक मोठी यादी दिलेली होती. पूर्ण शब्दच दोनदा येणारे पूर्णाभ्यस्त, थोड्या बदलाने पुन्हा येणारे अंशाभ्यस्त आणि आवाजाची नक्कल करणारे अनुकरणवाचक असे तीन रकाने आणि प्रत्येकाखाली चाळीस-पन्नास शब्द. ती यादी मी तोंडपाठ केली होती. अडचण अशी की प्रश्नातला शब्द यादीबाहेरचा निघाला की माझ्याकडे त्याला तपासायचे काहीही साधन नव्हते आणि मग मी केवळ कानाला यमक जुळते का, एवढेच पाहत होते.

माझा पहिला चुकलेला प्रश्न असा होता : ‘खालीलपैकी अंशाभ्यस्त शब्द ओळखा.’ पर्याय होते वेणीफणी, उरलासुरला, हळूहळू आणि घरोघरी. मी वेणीफणी निवडले, कारण ‘णी’ला ‘णी’ जुळत होते. अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे एक दादा मुख्य परीक्षेची तयारी करत होते, त्यांनी माझा कागद पाहिला आणि एवढेच विचारले, “ताई, फणी म्हणजे काय?” फणी म्हणजे केस विंचरायची फणी. म्हणजे वेणी आणि फणी हे दोन्ही अर्थ असलेले स्वतंत्र शब्द आहेत आणि ते जोडून केशरचनेशी संबंधित सगळेच सांगितले जाते. तो समाहार द्वंद्व समास झाला, अगदी मीठभाकर किंवा केरकचरा यांच्यासारखा. भाजीपाल्यातल्या पाल्यालाही असाच स्वतःचा अर्थ आहे. याउलट ‘उरलासुरला’ यातल्या ‘सुरला’ला मराठीत स्वतंत्र अर्थ नाही; तो ‘उरला’चाच थोडा बदललेला प्रतिध्वनी आहे. म्हणून उत्तर उरलासुरला.

त्या दिवसापासून मी प्रत्येक शब्द मधोमध तोडून दोन्ही तुकडे वेगवेगळे वाक्यात वापरून पाहू लागले. दोन्ही बाजू पाहणे आवश्यक आहे, कारण निरर्थक तुकडा नेहमी मागेच असतो असे नाही. ‘शेजारीपाजारी’ यात पाजारी निरर्थक आहे, पण ‘अदलाबदल’ यात बदल हा अर्थपूर्ण शब्द मागे आहे आणि ‘अदला’ पुढे. बोलण्यातली ‘चहाबिहा’, ‘पुस्तकबिस्तक’, ‘जेवणबिवण’ ही रूपेही याच कुळातली. शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ‘बि’ येतो आणि ‘व तत्सम इतर’ असा अर्थ निघतो. म्हणून ‘चहाबिहा’ अंशाभ्यस्त, पण ‘चहापाणी’ समास.

घरोघरी हा पर्याय अधिक अवघड होता. घर हा शब्द दोनदा आलेला स्पष्ट दिसतो, तेव्हा त्याला अभ्यस्त का म्हणू नये? शालेय व्याकरणात घरोघरी, गल्लोगल्ली, पदोपदी, दिवसेंदिवस या शब्दांची गणना अव्ययीभाव समासात होते, कारण द्विरुक्त शब्दाचा पहिला भाग विकारून (घरो, गल्लो, पदो) संपूर्ण शब्द क्रियाविशेषणाचे काम करतो. द्विरुक्ती आहे हे खरे, पण तिथे प्रश्नकर्त्याला समासच अभिप्रेत असतो. चार पर्यायांत घरोघरी आणि एखादा निःसंशय अभ्यस्त शब्द एकत्र आले, तर मी घरोघरी बाजूला ठेवते.

पूर्णाभ्यस्त आणि अनुकरणवाचक यांतला भेदही तोडण्याच्या याच पद्धतीने बराचसा सुटतो. ‘हळूहळू’ यातला हळू एकटा उभा राहतो, ‘लाललाल’ यातला लालही राहतो. ‘किरकिर’ यातला किर मात्र एकटा राहत नाही, कारण तो आवाजाची नक्कल आहे. असे असले तरी बडबड, वटवट यांसारखे शब्द काही पुस्तके पूर्णाभ्यस्तांत देतात आणि काही अनुकरणवाचकांत. येथे नियम ताणून उपयोग नाही. प्रश्नात उरलेले तीन पर्याय कोणत्या गटातले आहेत ते आधी ठरवावे आणि त्यावरून प्रश्नकर्त्याने कोणती वाट धरली आहे ते ओळखावे, एवढाच सुरक्षित मार्ग मला सापडला.

‘अभ्यस्त’ या नावाचाही मला सुरुवातीला अडथळा होत होता, कारण अभ्यास म्हणजे वाचन-पाठांतर एवढेच डोक्यात होते. संस्कृत व्याकरणात अभ्यास म्हणजे आवृत्ती. ‘ददाति’ या रूपात ‘दा’ धातूची आवृत्ती होते. तिच्यातल्या पहिल्या भागाला पाणिनी अभ्यास म्हणतो आणि दोन्ही भागांना मिळून अभ्यस्त. हे कळल्यावर ती संज्ञा पुन्हा कधी विसरले नाही.

शब्दाचा गट ओळखता येणे शुद्धलेखनाच्या प्रश्नातही लागते, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. हळूहळू, चिरीमिरी अशा पुनरुक्त शब्दांतला दुसरा व चौथा स्वर दीर्घ लिहायचा; पण शब्द नादानुकारी असेल, तर तो उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व लिहायचा, जसे लुटुलुटु, दुडुदुडु, रुणुझुणु. माझी दुसरी चूक इथलीच. ‘दुडूदुडू’ हे रूप मी शुद्ध ठरवले होते, कारण हळूहळूचा साचा डोक्यात पक्का बसलेला होता.

तिसरा चुकलेला प्रश्न अर्थाचा होता आणि त्याच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. वाक्य होते : ‘रस्ता ओलांडताना तो गाडीखाली येता येता वाचला.’ अधोरेखित शब्दांचा अर्थ विचारला होता आणि पर्याय होते : येत असताना मध्येच, वारंवार येऊन, येण्याच्या बेतात असून, सहज येऊन. ‘-ता -ता’ म्हणजे क्रिया चालू असताना, असे मी पाठ केलेले असल्यामुळे पहिला पर्याय निवडला. अचूक उत्तर तिसरे. पुढचे चार-पाच दिवस मी टिळक रोडवरून खोलीवर परतताना कानावर पडलेली अशी वाक्ये वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आणि त्यांतून एक गोष्ट उघड झाली : या रूपाचा अर्थ त्या रूपात नसतो, तो वाक्यातले मुख्य क्रियापद ठरवते.

‘पडता पडता वाचला’ किंवा ‘सांगता सांगता राहिले’ यांत मुख्य क्रियापद आधीच्या क्रियेला नाकारते, म्हणून पडणे आणि सांगणे घडलेच नाही. ते घडण्याच्या बेतात होते. ‘बघता बघता मुलगी मोठी झाली’ यात मुख्य क्रियापद स्थितीतला बदल सांगते, म्हणून अर्थ ‘फार लवकर, कळायच्या आत’ असा होतो. ‘जाता जाता दूध घेऊन ये’ यात मुख्य क्रियापद दुसरे काम सांगते, म्हणून ‘वाटेत, त्यासाठी मुद्दाम खेप न घालता’. आणि ‘बोलता बोलता तिचा आवाज भरून आला’ यात मात्र खरोखरच बोलणे चालू असताना काहीतरी घडले आहे. पाठ केलेला अर्थ या चार प्रकारांपैकी फक्त शेवटच्या एका प्रकाराला पुरला.

‘-ऊन -ऊन’ रूपाचेही तसेच. ‘वाचून वाचून डोळे दुखायला लागले’ यात अतिरेक आहे आणि त्याचा परिणाम आहे. ‘करून करून तो काय करील?’ यात करणे वारंवार नाही; ‘फार झाले तर काय करील’ अशी ती मर्यादा आहे. हे वाक्य प्रश्नार्थक आहे, याकडे दुर्लक्ष केले की ‘पुन्हा पुन्हा करून’ हा पर्याय हमखास फसवतो.

नामांच्या आणि विशेषणांच्या बाबतीत मला खानावळीच्या काकूंचे एक वाक्य उपयोगी पडले. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्या ताटे वाढताना म्हणाल्या, “उद्या गोडधोड असेल गं, डबा नेऊ नका, बसूनच जेवा.” मी घास हातात घेऊन थांबले. काकूंनी ‘गोडगोड असेल’ म्हटले असते तर आम्ही विचारले असते, काय गोडगोड? ‘गोडगोड’ हे विशेषण आहे, त्याला पुढे नाम किंवा क्रियापद लागते, आणि ‘गोडगोड बोलणे’ यात तर खुशामतीचा वास येतो. ‘गोडधोड’ मात्र स्वतःच नाम झाले आहे. श्रीखंड, पुरणपोळी, जिलबी असे सणाचे जे काही असेल ते सगळे त्यात आले. म्हणून ‘सणाला घरी ____ केले होते’ या रिकाम्या जागेत गोडधोड बसते आणि ‘त्याने ____ बोलून काम साधले’ यात गोडगोड. तिथे ‘गोडीगुलाबी’ हा पर्याय दिलेला असला, तरी त्याला ‘गोडीगुलाबीने’ असे रूप लागते. प्रत्यय नसला की तो पर्याय आपोआप गळतो.

रिकाम्या जागेच्या प्रश्नात आता मी आधी अर्थ पाहत नाही. त्या जागेला नाम हवे, विशेषण हवे की क्रियाविशेषण, ते ठरवते. बहुधा दोन पर्याय तिथेच बाद होतात. उरलेल्या दोनांत अर्थाचा निवाडा करायला पुरेसा वेळ मिळतो.

महिनाभराने त्याच प्रकारची दुसरी सराव प्रश्नपत्रिका सोडवली. या घटकावर पुन्हा पाच प्रश्न होते. चार बरोबर आले; त्यांतल्या एकात ‘अभ्यस्त नसलेला शब्द ओळखा’ असे विचारले होते आणि उत्तर वेणीफणीच होते. पाचव्या प्रश्नात बडबड आणि हळूहळू हे दोन्ही पर्याय समोर होते आणि पूर्णाभ्यस्त शब्द विचारला होता. हळूहळूवर खूण केली आणि उत्तरपत्रिका पाहिली, तर त्या प्रश्नाला दोन्ही पर्याय ग्राह्य धरलेले होते.