जानेवारीचे पैसे आज जमा झाले

माझ्या यूट्यूब चॅनलचे जानेवारीचे ॲडचे पैसे आज आले, ६,४०० रुपये. ठाणे स्टेशनवर मेसेज पाहिला आणि घोडबंदरच्या बसमध्ये बसून पूर्ण वेळ हिशेबच करत होतो. नोव्हेंबरचे १४,००० आले होते आणि व्ह्यूज दोन्ही महिन्यांत सारखेच, दोन लाखांच्या आसपास, मग फरक कुठे पडला तर आरपीएममध्ये, म्हणजे हजार व्ह्यूजमागे आपल्या हातात येणारे पैसे, ते ७० वरून ३२ वर आले. दिवाळी ते डिसेंबर कंपन्या जाहिरातींवर खर्च करतात, जानेवारीत हात आखडता घेतात, आणि यूट्यूबचे पैसे पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान सुटतात, त्यामुळे पडझड खिशाला उशिराच कळते.

माझं चुकलं ते इथे. डिसेंबरमध्ये १४,००० बघून लेन्स घेतली, ३,००० चा हप्ता. एडिटर व्हिडिओमागे २,५०० घेतो, थंबनेलवाली ३००, चार व्हिडिओंचे ११,२००. हप्ता धरून १४,२०० झाले, म्हणजे ७,८०० पगारातून घालायचे.

एडिटरला फोन करून सांगितलं, तुझे पैसे आजच टाकतो. त्याचं काम झालंय, ॲड कमी आल्या हा त्याचा प्रश्न नाही ना. आता बजेट सगळ्यात वाईट महिन्यावरच बसवतोय, महिन्याला दोनच व्हिडिओ, ५,६०० मध्ये. व्ह्यूज थोडे कमी होतील, माहितीये. हप्ता पगारातून, आणि दिवाळीत जास्तीचे आले की वेगळ्या खात्यात, पुढच्या जानेवारीसाठी.